इंग्रजी वाक्याचे पाच साचे



चौथीच्या एका मुलाच्या वहीतील एका वाक्यापासून मी आजच्या विषयास आरंभ करतो. त्याने लिहिले होते : ‘माय फादर इज वर्क इन द फील्ड.’ गुरुजींनी तांबड्या शाईने ‘इज’ खोडले, ‘वर्क’ला ‘एस’ जोडला आणि वाक्य शुद्ध करून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने लिहिले : ‘माय मदर इज कुक द फूड.’ म्हणजे दुरुस्ती वहीत झाली, मुलाच्या मनात झाली नाही. ‘इज’ का खोडले हे त्यास कळले नव्हते आणि ते सांगावयाचे कसे हे गुरुजींनाही सुचले नव्हते. ते कसे सांगावे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक सूचना करतो. या पुस्तिकेत इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. फळ्यावर मात्र ती रोमन लिपीतच लिहावीत.

मराठी वाक्याचे पृथक्करण आपण सर्वांनी केलेले आहे. ‘कुत्रा माणसाला चावला’ असे म्हणा, की ‘माणसाला कुत्रा चावला’ असे म्हणा. कोण चावला याविषयी शंका उरत नाही. ‘ला’ हा प्रत्यय माणसाला चिकटलेला आहे आणि तो शब्द वाक्यात कोठेही गेला तरी प्रत्यय त्याच्याबरोबर जातो. इंग्रजीत ‘द डॉग बिट द मॅन’ या वाक्यातील दोन नामांची केवळ अदलाबदल करा : ‘द मॅन बिट द डॉग.’ आता माणूसच कुत्र्याला चावला! नामाला प्रत्यय लागला नाही की गळला नाही; फक्त जागा बदलली. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत बहुतांशी जागा करते. म्हणून इंग्रजी वाक्यात कोणत्या जागा असतात आणि त्या कोण ठरवितो, हे पाहणे अगत्याचे आहे.

त्या जागा क्रियापद ठरविते. वाक्य कितीही लांब असो, त्यातील मुख्य क्रियापद आपल्यापुढे काय काय मागते, यावरून त्याचा साचा ठरतो. इंग्रज वैयाकरण सी. टी. अनियन्स यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाक्यरचनेवरील ग्रंथात विधेयाची पाच रूपे मांडली. तेच हे पाच साचे होत. त्यांत येणारी अंगे पाच आहेत : कर्ता, क्रियापद, कर्म, पूरक आणि क्रियाविशेषण. येथे ‘कर्ता’ हा शब्द थोड्या निराळ्या अर्थाने घ्यावयाचा आहे. क्रिया करणारा तो कर्ता असे न म्हणता, साध्या विधानात क्रियापदाच्या आधीच्या जागेवर बसणारे आणि क्रियापदाचे एकवचन-अनेकवचन ठरविणारे पद तो कर्ता, असे समजावे. क्रियाविशेषण म्हणजेही एकच शब्द नव्हे. ‘इन द फील्ड’ हे तीन शब्द मिळून एक क्रियाविशेषण होते.

आता साचे एकेक पाहू.

पहिला साचा कर्ता आणि क्रियापद एवढाच. ‘द बेल रँग.’ घंटा वाजली. कोणाला, काय, कसली, असे काही विचारण्याची गरज उरत नाही.

दुसरा साचा कर्ता, क्रियापद आणि पूरक. ‘माय फादर इज ए फार्मर.’ ‘द वेल इज डीप.’ येथे ‘इज’पाशी थांबलो तर वाक्य अपुरे राहते. ते पुरे करणारा शब्द कर्त्याविषयीच काही सांगतो : वडील म्हणजेच शेतकरी, विहीर तीच खोल. क्रियापदाच्या जागी गणितातील बरोबरीचे चिन्ह घालून पाहावे. अर्थ टिकला तर पुढचे पद पूरक.

तिसरा साचा कर्ता, क्रियापद आणि कर्म. ‘द गर्ल ओपन्ड द डोअर.’ मुलगी म्हणजे दार नव्हे. येथे बरोबरीचे चिन्ह चालत नाही. दार ही निराळी वस्तू असून क्रिया तिच्यावर घडली आहे. कर्माची दुसरी खूण अशी की, वाक्य उलटवून कर्म कर्त्याच्या जागी नेता येते : ‘द डोअर वॉज ओपन्ड बाय द गर्ल.’ पूरकाचे असे करता येत नाही. या खुणेला अपवाद मात्र आहेत. ‘आय हॅव्ह ए बुक’ यात ‘बुक’ हे कर्मच आहे, परंतु हे वाक्य उलटविता येत नाही. म्हणून दोन्ही कसोट्या लावाव्यात.

चौथ्या साच्यात दोन कर्मे येतात. ‘द टीचर गेव्ह द गर्ल ए स्लेट.’ ज्याला द्यावयाचे ते आधी आणि जे द्यावयाचे ते नंतर. मराठीत ‘मुलीला’ हा प्रत्यय जे सांगतो, ते येथे केवळ पहिल्या जागेने सांगितले आहे. ही जागा बदलली तर ‘टू’ हा शब्द मदतीला घ्यावा लागतो : ‘गेव्ह ए स्लेट टू द गर्ल.’

पाचव्या साच्यात एक कर्म आणि त्या कर्माचे पूरक येते. ‘वुई पेंटेड द डोअर ग्रीन.’ हिरवे कोण? आम्ही नव्हे, दार. दुसऱ्या साच्यातील पूरक कर्त्याविषयी बोलते, पाचव्यातील पूरक कर्माविषयी. कर्म आणि पूरक यांच्यामध्ये ‘इज’ घालून लहान वाक्य बनते का ते पाहावे : ‘द डोअर इज ग्रीन.’ बनले, तेव्हा हा पाचवा साचा.

चौथा आणि पाचवा हे साचे पुष्कळदा सारखेच दिसतात आणि येथेच आपली खरी परीक्षा होते. ही दोन वाक्ये पाहा : ‘दे मेड हिम ए चेअर’ आणि ‘दे मेड हिम चेअरमन.’ दोन्हींत क्रियापद एकच आहे, ‘हिम’ त्याच जागी आहे आणि त्यापुढे एक नाम आहे. पण मध्ये ‘इज’ घालून पाहा. ‘ही इज चेअरमन’ हे बरोबर आहे. त्यांनी त्यास अध्यक्ष केले. हा पाचवा साचा. ‘ही इज ए चेअर’ असे म्हटले तर वर्ग हसेल. त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची बनविली. हा चौथा साचा. मुले हसली की समजावे, कसोटी त्यांच्या ध्यानात आली.

या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. साचा हा क्रियापदाच्या कपाळी कायमचा लिहिलेला नसतो. ‘टर्न’ हेच क्रियापद घ्या. ‘द बुलक टर्न्ड’, बैल वळला : पहिला साचा. ‘द मिल्क टर्न्ड सावर’, दूध आंबले : दुसरा. ‘द फार्मर टर्न्ड द सॉइल’, शेतकऱ्याने माती उलटली : तिसरा. म्हणून क्रियापदांची यादी पाठ करून हे काम भागत नाही. प्रत्येक वाक्यात त्या क्रियापदाला पुन्हा विचारावे लागते.

आपण म्हणाल, पाचवे अंग जे क्रियाविशेषण, ते कोठे गेले? ते बहुधा साच्याच्या बाहेर असते. केव्हा, कोठे, कसे, का, या प्रश्नांची उत्तरे ते देते. ते काढून टाकले तरी वाक्य उभे राहते आणि पुष्कळदा ते वाक्याच्या आरंभीही नेता येते. ‘द बेल रँग अ‍ॅट टेन’ किंवा ‘अ‍ॅट टेन द बेल रँग’. ‘अ‍ॅट टेन’ गाळले तरी घंटा वाजलीच. एका वाक्यात अशी चार क्रियाविशेषणे असली तरी साचा बदलत नाही.

मात्र या नियमाला एक मर्यादा आहे आणि ती लपवून ठेवणे योग्य नाही. ‘ही पुट द बुक ऑन द टेबल’ यातील ‘ऑन द टेबल’ काढून पाहा. ‘ही पुट द बुक’ हे वाक्य लंगडे पडते. ‘पुट’ला कोठे हे सांगावेच लागते. तसेच ‘द की इज अंडर द पॉट’ यातील ‘अंडर द पॉट’ काढता येत नाही. अशा वाक्यांसाठी क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्त्विक यांनी १९८५ च्या आपल्या मोठ्या व्याकरणात आणखी दोन साचे धरून एकूण सात मानले आहेत. त्यापूर्वी १९५४ साली हॉर्नबी यांनी क्रियापदांचे पंचवीस साचे दिले होते. आपल्या वर्गासाठी पाच पुरेत. परंतु ‘पुट’ आणि ‘कोठे’ दाखविणारा ‘इज’ यांच्याबाबतीत क्रियाविशेषण साच्याच्या आत येते, एवढे शिक्षकाने मनाशी ठेवावे.

आता एक लांब वाक्य घेऊन ही रीत शेवटपर्यंत चालवून पाहू.

‘यस्टरडे मॉर्निंग, इन स्पाइट ऑफ द हेवी रेन, द ओल्ड पोस्टमन फ्रॉम द नेक्स्ट व्हिलेज ब्रॉट अवर टीचर ए लाँग लेटर अबाउट द एक्झामिनेशन.’

शब्द वीसच्या वर आहेत. मुले सवयीने पहिल्या शब्दापासून सुरुवात करतात आणि ‘यस्टरडे’ हाच कर्ता समजतात. आपण तसे करू नये. पहिली पायरी, क्रियापद शोधणे. कालच्या ऐवजी ‘उद्या’ची गोष्ट सांगावयाची झाली तर कोणता शब्द बदलेल? ‘ब्रॉट’च्या जागी ‘विल ब्रिंग’ येईल. तेव्हा ‘ब्रॉट’ हे क्रियापद. त्याखाली रेघ ओढावी.

दुसरी पायरी, कोणी आणले हे विचारणे. उत्तर ‘पोस्टमन’ असे एका शब्दात घेऊ नये. ‘द ओल्ड पोस्टमन फ्रॉम द नेक्स्ट व्हिलेज’ हे सगळे मिळून एक पद आहे. याची खूण अशी की, त्या सर्वांच्या जागी ‘ही’ हा एकच शब्द बसतो : ‘ही ब्रॉट…’ ‘फ्रॉम द नेक्स्ट व्हिलेज’ हे कोठून दाखवीत असले तरी ते पत्र आणण्याविषयी नाही, पोस्टमनविषयी आहे, म्हणून ते कर्त्याच्या पोटातच राहते. वेगळे क्रियाविशेषण म्हणून ते मोजणे ही येथे नेहमी होणारी चूक आहे.

तिसरी पायरी, क्रियापदाने पुढे काय मागितले ते पाहणे. काय आणले? ‘ए लाँग लेटर अबाउट द एक्झामिनेशन’; याच्या जागी ‘समथिंग’ बसते, म्हणजे हेही एकच पद. कोणासाठी आणले? ‘अवर टीचर.’ आता दोन नामे ओळीने आली आहेत, तेव्हा ‘इज’ची कसोटी लावू. ‘अवर टीचर इज ए लेटर’ होत नाही. म्हणून दोन्ही कर्मेच आणि साचा चौथा.

चौथी पायरी, उरलेल्याची व्यवस्था लावणे. ‘यस्टरडे मॉर्निंग’ केव्हा ते सांगते. ‘इन स्पाइट ऑफ द हेवी रेन’ कशाला न जुमानता ते सांगते. दोन्ही काढता येतात, दोन्ही शेवटी नेता येतात. ही दोन क्रियाविशेषणे. एवढ्या मोठ्या वाक्याचा सांगाडा उरला : ‘ही ब्रॉट हिम समथिंग.’

मिश्र वाक्यासही हीच रीत लागू पडते. कारण एक पूर्ण वाक्य दुसऱ्या वाक्यातील एका जागेवर बसू शकते. ‘द टीचर नोज दॅट द बॉय इज हंग्री.’ बाहेरचे क्रियापद ‘नोज’. काय जाणतात? ‘दॅट’पासून शेवटपर्यंतचे सर्व. ते सगळे कर्माच्या जागी आहे, म्हणून बाहेरचा साचा तिसरा. आत शिरल्यावर ‘द बॉय इज हंग्री’ हा दुसरा साचा मिळतो. ‘व्हेन द बेल रँग, द चिल्ड्रन क्लोज्ड देअर बुक्स’ यात पहिला भाग केव्हा ते सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषणाच्या जागी. मुख्य वाक्य तिसऱ्या साच्याचे आणि आतले पहिल्या साच्याचे. एका वेळी एकच क्रियापद हाती धरावे, म्हणजे गुंता होत नाही.

काही वाक्ये आपले अंग चोरून असतात. आज्ञार्थी वाक्यात कर्ता लिहिलेला नसतो. ‘क्लोज द डोअर’ यात ‘यू’ मनात धरावा. प्रश्नात शब्द जागा सोडतात. ‘व्हॉट डिड ही ब्रिंग?’ यातील ‘व्हॉट’ पुढे आलेले असले तरी ते कर्मच आहे. अशा वेळी प्रश्नाचे साधे विधान करून मग साचा पाहावा. ‘देअर इज ए वेल इन द व्हिलेज’ यातील ‘देअर’ फक्त कर्त्याची जागा अडवून बसलेला आहे. त्यास ‘तेथे’ असा अर्थ नाही. खरा विषय ‘ए वेल’ हा आहे. हे वाक्य प्राथमिक वर्गात पृथक्करणास देऊच नये, तसेच वापरावयास शिकवावे.

आता त्या मुलाच्या वहीकडे परत येऊ. ‘माय फादर इज वर्क इन द फील्ड.’ ‘आहे’ हा शब्द मराठीत ‘शेतकरी आहेत’ यातही येतो आणि ‘काम करीत आहेत’ यातही येतो. मुलाने ‘आहे’ला ‘इज’ ठेवले, पुढे ‘वर्क’ ठेवले आणि दोन साच्यांचे तुकडे एकत्र जोडले. त्यास खोडून दाखविण्याऐवजी विचारावे : ‘इज’च्या जागी बरोबरीचे चिन्ह घाल. वडील म्हणजे ‘काम करणे’ का? नाही. मग वडील काय आहेत ते सांगावयाचे असेल तर दुसरा साचा घे : ‘माय फादर इज ए फार्मर.’ काय करतात ते सांगावयाचे असेल तर पहिला साचा घे, क्रियापद एकच ठेव : ‘माय फादर वर्क्स इन द फील्ड.’ या क्षणी करीत आहेत असे म्हणावयाचे असेल तर ‘इज वर्किंग’ हे दोन शब्द मिळून एक क्रियापद. साचा पुन्हा पहिलाच. ‘माय मदर इज कुक द फूड’ याचेही तसेच. ‘फूड’ हे कर्म आहे, म्हणजे साचा तिसरा. तेथे ‘कुक्स’ हे क्रियापद एकट्यानेच उभे राहते.

दुसरी नेहमीची चूक : ‘ही एक्सप्लेन्ड मी द लेसन.’ मराठीत ‘त्याने मला पाटी दिली’ आणि ‘त्याने मला धडा समजावला’ ही वाक्ये एकाच घाटाची आहेत, म्हणून मूल ‘गेव्ह’प्रमाणे ‘एक्सप्लेन्ड’ वापरते. परंतु ‘एक्सप्लेन’ चौथ्या साच्यात बसत नाही. त्याला कर्म एकच : ‘ही एक्सप्लेन्ड द लेसन टू मी.’ तिसरी चूक : ‘वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर.’ आपण ‘त्या गोष्टीविषयी चर्चा केली’ असे म्हणतो आणि तो ‘विषयी’ इंग्रजीत ‘अबाउट’ होऊन येतो. ‘डिस्कस’ तिसऱ्या साच्याचे असून ते कर्म सरळ घेते. या दोन्ही चुकांचा बोध एकच : इंग्रजी क्रियापद काय मागते हे मराठी अर्थावरून ताडता येत नाही. म्हणून नवे क्रियापद शिकविताना त्याचा नुसता अर्थ फळ्यावर लिहू नये. ते ज्या साच्यात येते त्या साच्याचे एक वाक्य लिहावे.

वर्गात शिकविताना दुसरा आणि तिसरा हे साचे आधी घ्यावेत. पूरक आणि कर्म यांतील भेद समजला म्हणजे पाचवा आणि चौथा त्यांवरच उभे राहतात. फळ्यावर चार उभे रकाने आखावेत : कर्ता, क्रियापद, आणि क्रियापदापुढील दोन जागा. त्यांच्याखाली एक आडवी पट्टी क्रियाविशेषणांसाठी ठेवावी. भरताना मात्र नेहमी क्रियापदाच्या रकान्यापासून भरावे, डावीकडून नव्हे. मुलांना ‘हे कर्म की पूरक’ असे एकदम विचारू नये. ‘बरोबरीचे चिन्ह चालते का?’, ‘मध्ये इज घालता येते का?’, ‘हे काढून टाकता येते का?’ असे प्रश्न विचारावेत. या कसोट्या त्यांस स्वतःच्या हाताने करून पाहता येतात.

शेवटी आपणांसाठी दोन वाक्ये ठेवतो : ‘शी फाउंड द बुक ईझिली’ आणि ‘शी फाउंड द बुक ईझी.’ दोहोंत फरक अर्ध्या शब्दाचाच आहे. पहिल्यात ‘ईझिली’ काढले तरी पुस्तक सापडलेच. कसे सापडले एवढेच ते सांगते. ते क्रियाविशेषण, म्हणून साचा तिसरा. दुसऱ्यात ‘द बुक इज ईझी’ असे म्हणता येते. पुस्तक तिला सोपे वाटले. ते पूरक, म्हणून साचा पाचवा. शिवाय ‘ईझी’ काढून टाकले तर वाक्य मोडत नाही, पण त्याचा अर्थ पालटतो. ‘वाटले’चे ‘सापडले’ होते. उद्या फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहा आणि पुस्तक कोणाला हरवले होते, हे मुलांना विचारा.